आधी देणी, मग वाटणी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधीकधी एक चौकट दिसते. अमुक एका कंपनीनं स्वेच्छेनं समापन सुरू केलं आहे, अमुक व्यक्तीला लिक्विडेटर नेमलं आहे, ज्यांचं कंपनीकडे येणं असेल त्यांनी या तारखेच्या आत दावा दाखल करावा. वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो कंपनी बुडाल्याचा. खरं तर ती चौकट नेमकं उलटं सांगत असते. बुडालेल्या कंपनीला ही वाट कायद्यानं बंद आहे. जिच्याकडे सगळ्यांची देणी पूर्ण फेडून वर काही उरेल एवढा पैसा आहे, किंवा निदान देणी तरी पुरती फिटतील, तिलाच ऐच्छिक समापन करता येतं.

अशी कंपनी मुळात बंद का करायची? महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत फिरलं की कारण सापडतं. वडिलांनी सुरू केलेला कारखाना मुलांनी चालवला. नातवंडं सॉफ्टवेअरमध्ये, कुणी परदेशात. कामं अजून येतात, पण यंत्रं जुनी झाली आहेत, नव्या यंत्रांसाठी कर्ज काढण्याची उमेद उरलेली नाही आणि प्लॉटची किंमत मात्र धंद्याच्या नफ्यापेक्षा कितीतरी वाढली आहे. अशा वेळी कंपनी सन्मानानं मिटवून जे उरेल ते वाटून घेणं शहाणपणाचं ठरतं. अडचण एवढीच, की कंपनी ही कायद्याच्या नजरेत मालकांपासून वेगळी व्यक्ती असते. तिच्या खात्यातला पैसा मालक थेट घरी नेऊ शकत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत ओतीव सुट्या भागांवर मशिनिंग करणारी एक खासगी कंपनी आहे. तिचे प्रत्येकी १० रुपयांचे ५ लाख शेअर आहेत. २ लाख थोरल्या भावाकडे, २ लाख धाकट्याकडे आणि १ लाख अजूनही दिवंगत वडिलांच्या नावावर. दोघे भाऊ आणि थोरल्याची पत्नी असे तीन संचालक. दहा कामगार, एक सुपरवायझर आणि एक हिशेबनीस. थोरल्या भावानं अडीअडचणीच्या काळात स्वतःच्या खिशातून कंपनीला दिलेले २० लाख रुपयेही अजून कंपनीकडेच आहेत.

अशा कुटुंबाला कुणीतरी हमखास सुचवतं, की एवढा खटाटोप कशाला, कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढून टाकण्याचा अर्ज करा. त्याला स्ट्राइक ऑफ म्हणतात. तो सोपा आणि स्वस्त आहे हे खरं, पण तो रिकाम्या कंपन्यांसाठी आहे. दोन वर्षं धंदा बंद आहे, देणी फेडून झाली आहेत आणि मालमत्ताही उरलेली नाही, अशांसाठी. प्लॉट, कामगार आणि बँकेचं कर्ज असलेल्या चालत्या कंपनीला तो लागू पडत नाही. शिवाय काढलेलं नाव वीस वर्षांपर्यंत न्यायाधिकरणाच्या आदेशानं परत रजिस्टरवर येऊ शकतं, म्हणजे विषय खऱ्या अर्थानं मिटत नाही. ऐच्छिक समापनाचा रस्ता लांबचा आहे, पण तो शेवटापर्यंत नेतो. तो नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ मध्ये सांगितला आहे आणि १ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे.

या रस्त्याच्या तोंडाशी एक कागद आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. संचालकांपैकी बहुसंख्यांनी शपथेवर सांगायचं असतं, की आम्ही कंपनीच्या कारभाराची पूर्ण चौकशी केली आहे. तिच्यावर एकतर कर्ज नाही, किंवा मालमत्ता विकून येणाऱ्या पैशातून ती सगळं कर्ज पूर्ण फेडू शकेल. आणि कुणाला फसवण्यासाठी आम्ही कंपनी बंद करत नाही. या प्रतिज्ञापत्राला मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडावे लागतात. मालमत्तेचं मूल्यांकन केलेलं असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवालही जोडावा लागतो.

आपल्या कंपनीचे संचालक हा कागद सही करण्याआधी काय बघतील? यंत्रांची किंमत पुस्तकात ३५ लाख दिसते, पण जुनी सीएनसी यंत्रं घेणारा २२ लाखांवर जाणार नाही. कच्चा आणि अर्धवट माल १८ लाखांचा, हातात ११ येतील. ग्राहकांकडून येणं ३० लाखांचं, त्यातलं २४ लाख खरोखर वसूल होईल. बँकेत आणि मुदत ठेवीत ६५ लाख आहेत, वीज आणि पाण्याच्या अनामत रकमा ३ लाख. प्लॉट सोडून सगळ्याची बेरीज १२५ लाख होते. देण्यांचा अंदाज, प्लॉटच्या विक्रीवरचा कर बाजूला ठेवूनही, १४४ लाखांचा. म्हणजे प्लॉट विकला गेला नाही तर कंपनी १९ लाखांनी तोकडी पडते. पुस्तकात प्लॉट आणि शेड ६० लाखांना दिसतात. मूल्यांकक सांगतो, एमआयडीसीचं हस्तांतर शुल्क वजा जाऊन २६० लाख हाती येतील. तेव्हा शपथेचा सारा भार त्या एका प्लॉटवर आहे. बाजारभावावर नुसता विश्वास ठेवून सही करणं आणि मूल्यांककाचा लेखी अहवाल हातात घेऊन सही करणं यातला फरक इथे कळतो.

देण्यांच्या बाजूलाही ताळेबंद पुरता बोलत नाही. कंपनी चालू असताना जी देणी झोपलेली असतात ती बंद करताना जागी होतात. त्यातलं सर्वांत मोठं देणं कामगारांचं. आपल्या उदाहरणात प्रत्येक कामगाराचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये आहे आणि प्रत्येकाची सरासरी १५ वर्षं सेवा झाली आहे. ग्रॅच्युइटी मोजताना महिन्याचे २६ दिवस धरतात, म्हणून रोजचे १,००० रुपये. वर्षाला १५ दिवस, म्हणजे १५,००० आणि पंधरा वर्षांचे २ लाख २५ हजार. त्याशिवाय कारखाना बंद केल्याबद्दल भरपाई वेगळी. तीही सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी. शिल्लक रजा आणि शेवटचा पगार धरून माणशी ४ लाख ८० हजार. दहा कामगारांचे ४८ लाख झाले, सुपरवायझर आणि हिशेबनिसाचे मिळून ७ लाख. ग्रॅच्युइटीची थोडीफार तरतूद बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात असते. बंद करण्याच्या भरपाईची नसते, कारण बंद करायचं ठरेपर्यंत ती देय होतच नाही. आजवरच्या ताळेबंदाकडे बघून सही करणारे संचालक इथे फसतात.

प्रतिज्ञापत्रानंतर चार आठवड्यांच्या आत भागधारकांची सभा घेऊन विशेष ठराव करावा लागतो. मतदान करणाऱ्यांच्या तीन चतुर्थांश मतांचा पाठिंबा त्याला लागतो. दोन भावांकडे मिळून ८० टक्के शेअर आहेत, तेव्हा ठरावाला अडचण नाही. त्याच ठरावात लिक्विडेटर नेमला जातो. तो नोंदणीकृत दिवाळखोरी व्यावसायिक असावा लागतो आणि कंपनीपासून स्वतंत्र असावा लागतो. घरातल्या मंडळींना वाटतं, आपले नेहमीचे सीए आहेतच, त्यांनाच नेमू. पण गेल्या तीन वर्षांत कंपनीचं लेखापरीक्षण करणाऱ्या फर्मचा भागीदार किंवा नोकर या कामाला चालत नाही. ज्यानं हिशेब तपासले, त्याच्याच हाती त्या हिशेबांची उलटतपासणी देता येत नाही.

देणी शिल्लक असलेल्या कंपनीत भागधारकांचा ठराव पुरेसा नसतो. एकूण कर्जाच्या किमतीत दोन तृतीयांश हिस्सा असणाऱ्या धनकोंनी सात दिवसांत त्याला मान्यता द्यावी लागते. आपल्या कंपनीवर त्या दिवशी बँकेचे ४० लाख, थोरल्या भावाचे २० लाख, पुरवठादारांचे १९ लाख, जीएसटीचे ४ लाख आणि कामगार-कर्मचाऱ्यांचे ५५ लाख, असे १३८ लाख आहेत. दोन तृतीयांश म्हणजे ९२ लाख. बँक आणि भाऊ मिळून ६० लाखांपर्यंत पोचतात. तेव्हा कामगारांना विश्वासात न घेता हा ठराव उभाच राहू शकत नाही. सात दिवसांत ही संमती गोळा होत नाही, ती आधीच गोळा केलेली असावी लागते. कामगारांशी आकडा ठरवून लेखी करार, बँकेचं संमतीपत्र, मोठ्या पुरवठादारांची पत्रं हे सगळं सभेच्या आधी फायलीत लागतं. काही कुटुंबं त्याहून सोपी वाट धरतात. ठरावाच्या आधीच सगळी देणी फेडून टाकतात. मग धनकोंच्या मान्यतेचा प्रश्नच उरत नाही आणि नियमांमध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा कंपनीचं काम ९० दिवसांत संपवण्याची अपेक्षा असते. धनकोंच्या मान्यतेनं सुरू झालेल्या समापनाला तीच मुदत २७० दिवसांची आहे.

ठराव झाला की त्या दिवसापासून कंपनीचा धंदा थांबतो. हातातली ऑर्डर पूर्ण केल्यानं जास्त पैसे येणार असतील तर तेवढं काम करता येतं, नवी ऑर्डर घेता येत नाही. सात दिवसांत कंपनी निबंधक आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ यांना कळवायचं. लिक्विडेटरनं आपल्या नेमणुकीपासून पाच दिवसांत जाहीर सूचना द्यायची, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. सुरुवातीला सांगितलेली चौकट ती हीच. दावे करायला समापन सुरू झाल्यापासून ३० दिवस मिळतात. बँकेत कंपनीच्या नावाचं नवं खातं उघडलं जातं आणि नावापुढे ती ऐच्छिक समापनात असल्याचं लिहावं लागतं. इथून पुढे येणारा प्रत्येक रुपया या खात्यात येतो आणि इथूनच बाहेर जातो.

दावे आले की लिक्विडेटर प्रत्येकाची कागदावर तपासणी करतो. वाचकांपैकी कुणाचं अशा कंपनीकडे येणं असेल तर त्यांनी एक लक्षात ठेवावं, की कंपनीच्या पुस्तकात आपली नोंद आहे म्हणून गप्प बसू नये. बिलं, डिलिव्हरी चलनं, थकबाकी मान्य केल्याचे ईमेल जोडून दावा करावा. आपल्या उदाहरणात एका पुरवठादाराचा ३ लाखांचा दावा आहे. ओतीव भागांत छिद्रं निघाली म्हणून कंपनीनं तो माल नाकारला होता, असं खरेदी विभागाच्या नोंदी सांगतात. लिक्विडेटर १६ लाखांचे दावे मान्य करतो आणि हे ३ लाख नाकारतो. नाकारल्याचं कारणासह कळवावं लागतं. कळल्यापासून १४ दिवसांत पुरवठादार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे अपील करू शकतो. त्यानं ते केलं असं धरू. या ३ लाखांचं पुढे काय होतं ते शेवटाकडे बघू.

आता विक्री. मालमत्ता कशी विकायची याची पद्धत कंपनीच्या मान्यतेनं ठरवता येते, लिलावच हवा अशी सक्ती नाही. यंत्रं आणि माल लवकर जातात. प्लॉटला वेळ लागतो, कारण एमआयडीसीचा प्लॉट विकत घेतलेला नसतो, तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळालेला असतो. हस्तांतराला महामंडळाची परवानगी, शुल्काची मागणी, जुन्या थकबाकीचा निपटारा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, अशी एकेक पायरी चढावी लागते. वरून प्लॉटची कागदपत्रं बँकेकडे तारण. म्हणून दाव्यांची यादी पक्की झाल्यावर लिक्विडेटर हातातल्या पैशातून आधी बँकेचे ४० लाख देतो, तारण सोडवून घेतो आणि ते फिटल्याची नोंद कंपनी निबंधकाकडे करतो. ही नोंद राहिली तर खरेदीदाराचा वकील व्यवहार तिथेच थांबवतो. २७० दिवसांची मुदत ओलांडली जाते ती बहुधा प्लॉटमुळेच. तसं झालं तर लिक्विडेटरला भागधारकांची बैठक बोलावून विलंबाचं कारण आणि पुढचा अंदाज सांगणारा स्थितीअहवाल मांडावा लागतो.

सगळं विकून आणि वसूल करून खात्यात ३८५ लाख आले. पैसे आले की ३० दिवसांच्या आत वाटायचे, असा नियम आहे. क्रमही कायद्यानं ठरवून दिलेला आहे. सर्वांत आधी समापनाचा खर्च. लिक्विडेटरची फी, जाहिराती, मूल्यांकक, पहारेकरी, लेखापरीक्षण मिळून ९ लाख. मग कामगारांची देणी आणि तारण ठेवणारी बँक, ही दोन्ही एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे, ज्यात थोरला भाऊ येतो. मग सरकारची देणी, मग पुरवठादारांसारखे उरलेले सगळे. त्यानंतर भागधारक, त्यातही प्राधान्य शेअरवाले आधी आणि सामान्य शेअरवाले सर्वांत शेवटी.

सगळ्यांना पूर्ण मिळणारच असेल तर या क्रमाला अर्थ काय, असा प्रश्न पडेल. अर्थ दोन ठिकाणी कळतो. एक, पैसे एकदम येत नाहीत, हप्त्याहप्त्यानं येतात. आधी आलेल्या पैशावर पहिला हक्क कुणाचा हे क्रमामुळे ठरतं. दुसरं, संचालकांचा अंदाज चुकला तर. समजा, प्लॉटवर कुणाचा तरी जुना वाद निघाला आणि तो पडून राहिला. देणी पूर्ण फिटणार नाहीत असं दिसताच लिक्विडेटरला ऐच्छिक समापन पुढे नेता येत नाही. त्याला एनसीएलटीकडे जाऊन प्रक्रिया थांबवण्याचा आदेश मागावा लागतो. त्याआधीच भागधारकांनी दोन पैसे उचलले असतील तर ती रक्कम परत मागितली जाते. मालमत्ता लपवली किंवा वह्या बदलल्या असं निघालं, तर ३ ते ५ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

आपल्या कंपनीत तशी वेळ आली नाही. बेरीज करून बघू. खर्च ९ लाख, बँक ४० लाख, कामगार ४८ लाख, कर्मचारी ७ लाख, थोरल्या भावाचं कर्ज २० लाख, पुरवठादार १६ लाख. सरकारला ३७ लाख, त्यात ४ लाख जीएसटीचे आणि ३३ लाख प्लॉटच्या नफ्यावरच्या कराचे. एकूण १७७ लाख. ३८५ मधून १७७ गेले, उरले २०८ लाख. ५ लाख शेअरांमध्ये वाटले तर प्रत्येक शेअरमागे ४१ रुपये ६० पैसे.

पण ते सगळे लगेच वाटता येत नाहीत. नाकारलेल्या पुरवठादाराचं अपील अजून निकाली लागलेलं नाही. तेव्हा त्याचे ३ लाख बाजूला ठेवायचे आणि २०५ लाख वाटायचे, म्हणजे शेअरमागे ४१ रुपये. अपील फेटाळलं गेलं तर उरलेले ६० पैसे भागधारकांना, मान्य झालं तर ते ३ लाख पुरवठादाराला. घाई झालेली कुटुंबं या ६० पैशांवरूनच लिक्विडेटरशी वाद घालतात. त्यानं हे ३ लाख वाटून टाकले आणि अपील मान्य झालं, तर पैसे परत गोळा करत फिरण्याची पाळी त्याच्यावर आली असती.

थोरल्या भावाला या सगळ्यातून दोन वेगवेगळ्या रकमा मिळतात आणि त्यांची जात वेगळी आहे. २० लाख त्याचं कर्ज म्हणून परत आले. ती मुद्दल आहे, उत्पन्न नाही, तिच्यावर कर नाही आणि ती धाकट्याला काही मिळण्याच्या आधी आली. कुटुंबात इथे कुरबूर होते, पण भावानं ते पैसे भांडवल म्हणून घातले असते तर धाकट्यालाही हिस्सा मिळाला असता. ते कर्ज होतं, म्हणून ते कर्जासारखंच परत गेलं. कंपनीला दिलेल्या अशा पैशांची कागदावर नीट नोंद असणं का महत्त्वाचं, ते या क्षणी कळतं.

दुसरी रक्कम त्याच्या २ लाख शेअरांची, दोन्ही हप्ते मिळाले असं धरलं तर ८३ लाख २० हजार. आयकर कायदा तिचे दोन भाग करतो. समापन सुरू होण्याआधी कंपनीकडे साठलेला नफा जितका होता, तितका भाग लाभांश समजला जातो. आपल्या कंपनीच्या पुस्तकात तेव्हा भांडवल ५० लाख आणि साठलेला नफा ७८ लाख होता. म्हणजे शेअरमागे १५ रुपये ६० पैसे लाभांश. भावाच्या वाट्याला ३१ लाख २० हजार. ते त्याच्या इतर उत्पन्नात मिसळून त्याच्या दरानं करपात्र होतात आणि त्यावर कंपनीनं आधीच टीडीएस कापावा लागतो. उरलेले शेअरमागे २६ रुपये, म्हणजे ५२ लाख, शेअर विकल्यासारखे धरले जातात. त्यातून शेअर घेताना घातलेले २० लाख वजा केले की ३२ लाख भांडवली नफा. प्लॉटच्या नफ्यावर कंपनीनं एकदा कर भरला आणि आता भागधारकानंही भरायचा, हे ऐकून लोक दचकतात. कंपनी वेगळी व्यक्ती आहे, याची ही किंमत आहे. वाटप करताना लिक्विडेटरकडून या दोन भागांचा हिशेब लेखी घेतला नाही तर पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना डोकं धरायची वेळ येते.

वडिलांच्या नावावरच्या १ लाख शेअरांचं काय? त्यांचे ४१ लाख ६० हजार लिक्विडेटर अंदाजानं मुलांना देऊ शकत नाही. आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण यांच्या नावावर शेअर रीतसर वर्ग झालेले हवेत. मृत्युपत्र आहे की नाही, वारस कोण, हे कागदावर सिद्ध झालं तरच पैसे सुटतात. नाहीतर न वाटलेली रक्कम मंडळाच्या एका खास खात्यात जमा करावी लागते आणि वारसांना ती तिथून अर्ज करून सोडवावी लागते. कंपनी बंद करण्याचा विचार मनात आला की पहिल्यांदा शेअरचं रजिस्टर उघडून बघावं, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात ते यामुळेच. एखादी मालमत्ता विकलीच जात नसेल, उदाहरणार्थ एखाद्या न संपलेल्या वसुलीच्या दाव्यातला हक्क, तर कंपनीच्या मान्यतेनं ती वस्तुरूपात भागधारकांना देता येते. पैशाच्या जागी हक्काचा कागद मिळतो, इतकंच.

वाटप झाल्यावर एक चूक फार वेळा होते. काम संपलं असं समजून बँक खातं बंद केलं जातं. मग आयकराचा परतावा किंवा वीज कंपनीकडची अनामत येते आणि ती जमा करायला जागा नसते. खातं सर्वांत शेवटी बंद करायचं. लिक्विडेटरनं नेमणुकीनंतर आयकर खात्याला कळवलेलं असावं, जीएसटीचं शेवटचं विवरणपत्र गेलेलं असावं आणि येऊ शकणारे परतावे आधीच मोजलेले असावेत. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीही याच टप्प्यावर बघायचा, नाहीतर वर्षांनंतर कुणीतरी कामगार जुन्या मालकाच्या घराचा पत्ता शोधत येतो.

मग लिक्विडेटर समापनाच्या काळाचे हिशेब तपासून घेतो, अंतिम अहवाल तयार करतो आणि एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे कंपनी विसर्जित करण्याचा अर्ज करतो. सगळी मालमत्ता निकाली निघाली, सगळी देणी फिटली आणि एकही दावा लटकत नाही किंवा लटकणाऱ्या दाव्यासाठी पुरेशी तरतूद केली आहे, हे त्यात दाखवावं लागतं. हा आदेश यायला किती वेळ लागेल ते खंडपीठावरच्या कामावर असतं. तोवर कंपनी कागदावर जिवंतच असते. आदेशाच्या तारखेपासून ती संपते आणि आदेशाची प्रत १४ दिवसांत कंपनी निबंधकाकडे पाठवायची असते. त्यानंतर एखादा धनको आपलं बिल घेऊन आला, तर ते ज्याच्यावर लावायचं ती व्यक्तीच कायद्यात उरलेली नसते. म्हणून कायदा वाटपाआधी इतके दरवाजे ठोठावायला लावतो. वर्तमानपत्रात सूचना द्यायला लावतो, दाव्यांना मुदत देतो, वादातले ३ लाखसुद्धा बाजूला ठेवायला लावतो आणि या सगळ्याच्या आधी संचालकांना शपथेवर विचारतो, की तुम्ही नीट बघितलं आहे ना? कंपनी मिटवण्यातलं खरं कष्टाचं काम त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आहे. ते उत्तर सही करण्याआधी सापडलेलं असलं, तर उरतं ते विक्रीचं काम आणि बेरीज-वजाबाकी.